आराखडा, व्यूह आणि स्कीम : योजनावाचक शब्दांच्या अभ्यासाची प्रस्तावना

कृती घडण्यापूर्वी तिची जी मांडणी मनात किंवा कागदावर केली जाते, तिला इंग्रजीत अनेक नावे आहेत आणि त्यांपैकी चार नावे आता मराठी लिखाणात देवनागरी रूपात स्थिरावली आहेत : स्ट्रॅटेजी, रोडमॅप, ब्लूप्रिंट आणि स्कीम. इंग्रजी-मराठी कोशात या चारांसमोर ‘योजना’ हा अर्थ कुठे ना कुठे सापडतोच. तरीही एखादी अमेरिकी कंपनी आपल्या वार्षिक अहवालात पहिले तीन शब्द अभिमानाने छापते आणि चौथा मात्र स्वतःच्या बेतासाठी सहसा वापरत नाही, कारण तिथल्या वाचकाला त्या शब्दात फसवणुकीचा वास येतो. याउलट भारत सरकारच्या आणि महाराष्ट्र शासनाच्या असंख्य कल्याणकारी कार्यक्रमांचे इंग्रजी नाव ‘स्कीम’ असते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. एकाच शब्दाची दोन देशांत अशी दोन चारित्र्ये का व्हावीत, आणि त्याचे तीन सोबती या संशयातून कसे सुटले, हा या अभ्यासाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याचे उत्तर शब्दाच्या व्युत्पत्तीत फारसे सापडत नाही. योजना कोणी आखली, ती कोणापासून लपवली आणि तिचा भार कोणावर पडला, या व्यवहारात ते सापडते.

यांपैकी स्ट्रॅटेजी हा शब्द छावणीतून आला. ग्रीक भाषेत ‘स्ट्रॅटोस’ म्हणजे सैन्य आणि ‘स्ट्रॅटेगोस’ म्हणजे सैन्य चालवणारा. प्राचीन अथेन्समध्ये असे दहा सेनाधिकारी दरवर्षी निवडले जात. त्याच मुळापासून ‘स्ट्रॅटेजम’ हा दुसरा शब्द निघाला आणि तो इंग्रजीत आधी आला. त्याचा अर्थ युद्धातली युक्ती, शत्रूला चकवण्याचा डाव असा असून, इसवी सनाच्या पहिल्या शतकात फ्रॉन्टायनस या रोमन लेखकाने अशा युक्त्यांचा एक संग्रहच केला होता. स्ट्रॅटेजी हा शब्द इंग्रजीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंचमार्गे रुजला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः आल्फ्रेड चँडलर यांच्या १९६२ च्या आणि इगॉर अॅन्सॉफ यांच्या १९६५ च्या ग्रंथांनंतर, उद्योगजगताने तो आपलासा केला. दोन्ही शब्दांचे मूळ एकच, दोहोंत गुप्तता गृहीत धरलेली. परंतु स्ट्रॅटेजीतील गुप्तता प्रतिपक्षापासूनची असल्याने तिला कोणी दोष देत नाही. मराठीतही ‘कावेबाज’ हे विशेषण निंदेचे आहे, पण ‘गनिमी कावा’ हे गौरवाचे नाव आहे, कारण तिथे कावा गनिमाशी, म्हणजे शत्रूशी आहे, स्वतःच्या माणसांशी नाही. हा भेद पुढच्या सर्व विवेचनाची किल्ली आहे, म्हणून तो येथेच नोंदवून ठेवणे आवश्यक वाटते.

ब्लूप्रिंटचा जन्म रसायनशाळेत झाला आणि त्याची प्रतिष्ठा त्या प्रक्रियेतूनच आली. सर जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये असे दाखवून दिले, की फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड यांचे मिश्रण लावलेला कागद प्रकाशात ठेवला, की प्रकाश पडलेल्या भागात ‘प्रशियन ब्लू’ हा गडद निळा रंग तयार होतो. पुढे अभियंत्यांच्या कचेऱ्यांनी ही पद्धत उचलली. पारदर्शक कापडावर किंवा पातळ कागदावर काळ्या शाईने काढलेले रेखाटन त्या संवेदनशील कागदावर दाबून उन्हात ठेवायचे आणि नंतर कागद साध्या पाण्याने धुवायचा. रेघांच्या खाली प्रकाश पोहोचलेला नसल्याने तिथले रसायन धुऊन जाई आणि निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांचे चित्र उरे. त्यापूर्वी प्रत्येक नक्कल हाताने काढावी लागे आणि प्रत्येक नकलेत चूक शिरण्याची शक्यता असे. आता कंत्राटदार, गवंडी, लोहार आणि तपासनीस या सर्वांच्या हाती तंतोतंत तेच चित्र पडू लागले. कागद भिजून वाळताना किंचित आक्रसत असल्यामुळे पट्टी लावून चित्रावरून माप घेऊ नये, लिहिलेला आकडाच प्रमाण मानावा, अशी सूचना रेखाटनांवर दिली जाई. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही निळी प्रत इतर छपाईपद्धतींनी मागे टाकली, मात्र शब्द उरला आणि त्याचा लाक्षणिक अर्थही उरला : ज्यात प्रत्येक भागाचे माप ठरलेले आहे आणि जे सर्व संबंधितांना सारखेच दिसते, असे पक्के आराखडापत्र. आजच्या वापरात मात्र या शब्दाचा दर्जा घसरला आहे. माप नाही, जबाबदार व्यक्तीचे नाव नाही, खर्चाचा आकडा नाही, अशा भाषणांनाही ‘विकासाची ब्लूप्रिंट’ म्हटले जाते, आणि हा त्या शब्दावर अन्याय आहे.

रोडमॅपविषयी थोडक्यात सांगता येते. रस्त्यांचा नकाशा हा त्याचा मूळ अर्थ असून, वेळ आणि टप्पे निश्चित केलेला मार्ग हा लाक्षणिक अर्थ विसाव्या शतकात तंत्रउद्योगांनी प्रचलित केला. राजकारणात त्याला मोठी प्रसिद्धी मिळाली ती ३० एप्रिल २००३ रोजी इस्रायल-पॅलेस्टाइन प्रश्नावर अमेरिका, युरोपीय संघ, रशिया आणि संयुक्त राष्ट्रे यांनी मिळून मांडलेल्या शांतता-रोडमॅपमुळे; त्यात २००५ पर्यंतचे टप्पे होते आणि ते पूर्ण झाले नाहीत. हा शब्द संशयास्पद होत नाही, फार तर पोकळ होतो, कारण मुक्काम आणि मुदत आधीच जाहीर केलेली असल्याने उशीर झाला तर तो कोणालाही मोजता येतो.

आता स्कीमकडे वळावे. ग्रीक ‘स्केमा’ या शब्दाचा अर्थ आकृती, ठेवण, धारण केलेले रूप असा होता आणि तो ‘धरणे, बाळगणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून बनला होता. भाषाशास्त्रज्ञ त्या क्रियापदाचे मूळ आणि संस्कृतातील ‘सह्’ धातूचे मूळ एकच मानतात, त्यामुळे ‘साहस’ हा शब्द स्कीमचा दूरचा भाऊबंद ठरतो. येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात येते : प्राचीन धर्मशास्त्रात ‘साहस’ हे बळजबरीच्या गुन्ह्याचे नाव होते, आणि आजच्या मराठीत ते धाडसाच्या कौतुकाचे नाव आहे, म्हणजे एक भाऊबंद बदनामीतून सन्मानाकडे गेला आणि दुसरा सन्मानातून बदनामीकडे. इंग्रजीत सोळाव्या शतकात स्कीम आला तो अलंकारशास्त्राची संज्ञा म्हणून, वाक्यरचनेच्या विशिष्ट ठेवणीचे नाव म्हणून. त्यानंतर तो आकृतीचे, आणि विशेषतः ज्योतिषाने मांडलेल्या ग्रहस्थितीच्या आकृतीचे, म्हणजे आपण जिला कुंडली म्हणतो तिचे, नाव झाला. सतराव्या शतकाच्या मध्यास त्याला ‘कृतीचा बेत’ हा अर्थ मिळाला, आणि अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून स्वार्थी, आतल्या गाठीचा बेत ही छटा त्याला चिकटू लागली. ही छटा कोणत्याही एका घटनेने निर्माण केली असे म्हणता येत नाही. परंतु ती पक्की करणारी घटना मात्र निश्चितपणे दाखवता येते, आणि ती तपशिलाने पाहण्यासारखी आहे.

साउथ सी कंपनीची स्थापना लंडनमध्ये १७११ साली झाली. नावाप्रमाणे तिला दक्षिण अमेरिकेच्या समुद्रातील व्यापाराचा मक्ता होता; युट्रेक्टच्या तहानंतर स्पॅनिश वसाहतींत दरवर्षी ४,८०० गुलाम पुरवण्याचा आणि वर्षातून एक व्यापारी जहाज पाठवण्याचा हक्क तिच्याकडे आला. हा व्यापार माणसांच्या विक्रीचा होता हे विसरून तिच्या नफा-तोट्याची चर्चा करणे अनुचित ठरेल. तो व्यापारही फारसा फळला नाही, आणि १७१८ मध्ये स्पेनशी युद्ध सुरू झाल्यावर जवळजवळ थांबला. कंपनीचे खरे काम सरकारी कर्जाशी निगडित होते. इंग्लंडच्या सरकारने युद्धांसाठी लोकांकडून घेतलेली कर्जे आणि वर्षासने फेडणे अवघड झाले होते. तेव्हा कंपनीने १७२० च्या आरंभी असा प्रस्ताव ठेवला, की सुमारे ३ कोटी १० लाख पौंडांचे हे कर्ज ती आपल्या अंगावर घेईल, धनकोंना त्याच्या बदल्यात आपले भाग देईल, सरकारला कमी व्याज लावील आणि वर ७५ लाख पौंडांच्या आसपास नजराणाही देईल. या प्रस्तावालाच सर्वजण ‘साउथ सी स्कीम’ म्हणत, आणि त्या क्षणी या नावात तरी हा शब्द निर्मळ, संसदेच्या कामकाजात शोभणारा होता.

खोट या योजनेच्या गणितात होती, आणि ते गणित सोपे करून पाहता येते. कंपनीच्या एका भागाची दर्शनी किंमत १०० पौंड होती आणि जितके कर्ज अंगावर घेतले, तितक्याच दर्शनी किमतीचे नवे भाग काढण्याची तिला मुभा होती; मात्र धनकोला किती भाग द्यायचे, म्हणजे बदल्याचा दर काय, हे कायद्याने ठरवलेले नव्हते. समजा एखाद्या धनकोचे सरकारकडे ३,००० पौंड येणे आहे. त्याच्या नावावर कंपनी ३० भाग काढू शकते. बाजारात भाग १०० पौंडांनाच विकला जात असेल, तर ते तीसही धनकोला द्यावे लागतील आणि कंपनीकडे काहीच उरणार नाही. भाव ३०० पौंड असेल, तर १० भाग देऊन त्याचे समाधान होईल आणि उरलेले २० भाग बाजारात विकून कंपनी ६,००० पौंड उभे करील. म्हणजे सगळा नफा भाव चढण्यावर अवलंबून होता, आणि भाव चढवणे हेच कंपनीचे खरे काम होऊन बसले. एप्रिलमध्ये ३०० पौंडांना नवे भाग विकताना पाचवा हिस्सा रोख घेऊन बाकी हप्त्यांनी देण्याची सवलत दिली गेली. आधीच घेतलेल्या भागांच्या तारणावर कंपनी स्वतःच कर्ज देऊ लागली, आणि त्या कर्जातून लोक पुन्हा तिचेच भाग घेऊ लागले. वर्षारंभी सव्वाशे पौंडांच्या आसपास असलेला भाव उन्हाळ्यात हजाराच्या घरात गेला. कंपनीची खात्रीची मिळकत मात्र सरकारकडून येणारे व्याज एवढीच होती, आणि ती १०० पौंड दर्शनी किमतीमागे साधारण ५ पौंड होती. हजार पौंडांना भाग घेणाऱ्याच्या दृष्टीने ती शेकडा अर्धा पौंड भरत होती.

हे कोणालाच दिसत नव्हते असे मात्र नाही. आर्चिबाल्ड हचिसन या संसद-सदस्याने त्याच वर्षी आकडेवारीसह पत्रके छापून दाखवले होते, की नव्याने येणाऱ्या लोकांचा पैसा जुन्या धारकांच्या नफ्यात जात असून त्या भावाचे समर्थन करील असा कोणताही व्यापार कंपनीकडे नाही. ऑगस्टच्या अखेरीस संचालकांनी नाताळला ३० टक्के आणि पुढील बारा वर्षे किमान ५० टक्के लाभांश देण्याचे जाहीर केले. जी कंपनी हा पैसा कुठून येणार हे सांगत नाही आणि टक्का मात्र सांगते, तिची ओळख पटण्यास तेवढी घोषणाही पुरेशी होती. सप्टेंबर संपता संपता भाव दोनशेच्या खाली कोसळला. संसदेच्या चौकशी समितीला पुढे आढळले, की विधेयक मंजूर होत असताना मंत्र्यांच्या आणि दरबारातील व्यक्तींच्या नावे असे भाग लिहिले गेले होते, की ज्यांचे पैसे त्यांनी भरलेच नव्हते. भाव चढल्यावर ते ‘विकून’ फरक तेवढा खिशात घालायचा, अशी सोय होती. कंपनीचा खजिनदार रॉबर्ट नाइट जानेवारी १७२१ मध्ये देश सोडून पळाला, अर्थमंत्री जॉन एस्लबी यांची संसदेतून हकालपट्टी होऊन रवानगी टॉवरमध्ये झाली आणि संचालकांच्या मालमत्ता जप्त झाल्या. त्याच वर्षी चित्रकार विल्यम होगार्थ याने या प्रकरणावर जे उपरोधिक मुद्राचित्र काढले, त्याच्या शीर्षकातच स्कीम हा शब्द होता.

या प्रकरणात शब्दाला नेमके काय झाले, ते आता नीट सांगता येते. युद्धाच्या व्यूहात सेनापती आपला बेत शत्रूपासून लपवतो. साउथ सी स्कीममध्ये बेत लपवला गेला तो तिच्यात पैसे गुंतवणाऱ्यांपासून, ज्यांच्या हितासाठी ती असल्याचे सांगितले जात होते त्यांच्यापासूनच. ब्लूप्रिंट सर्वांच्या हाती सारखी असते. येथे आतल्यांच्या हाती एक चित्र होते आणि बाहेरच्यांच्या हाती दुसरे. रोडमॅपमध्ये मुक्काम सांगितलेला असतो. येथे सांगितला होता तो केवळ टक्का. स्कीमला चिकटलेला संशय हा सहभागी माणसापासून केलेल्या लपवालपवीचा संशय आहे, आणि म्हणूनच तो शब्दाच्या क्रियापदात सर्वाधिक गडद आहे. इंग्रजीत ‘स्कीम करणे’ म्हणजे चांगली योजना आखणे असा अर्थ आज बहुधा होत नाही, आणि ‘स्कीमिंग’ हे विशेषण माणसाला लावले, की ती उघड निंदाच असते. याउलट रंगांची स्कीम, यमकांची स्कीम अशा प्रयोगांत, जिथे कर्ता दिसत नाही आणि केवळ घटकांची ठेवण सांगायची असते, तिथे जुना ग्रीक अर्थ आजही निष्कलंक आहे. कर्ता दिसू लागला, की संशय सुरू होतो, हा या शब्दाचा व्याकरणातूनच तपासता येणारा नियम आहे.

हा संशय अपरिहार्य होता असेही मानू नये, कारण त्याच काळात अधिक बदनाम शब्द दुसराच होता. डॅनियल डिफोने १६९७ मध्ये ‘प्रॉजेक्ट’ या विषयावर ग्रंथ लिहिला, तेव्हा ‘प्रॉजेक्टर’ म्हणजे लोकांच्या पैशावर हवेत इमले बांधणारा उपटसुंभ अशी लोकभावना होती. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ च्या गलिव्हरच्या प्रवासवर्णनात लागाडो येथील अकादमीतले निरर्थक प्रयोग करणारे लोक प्रॉजेक्टरच आहेत. आज प्रॉजेक्ट हा शब्द शाळकरी मुलाच्या वहीपासून धरणाच्या कामापर्यंत सर्वत्र आदराने नांदतो आणि मराठीत त्याच्या ‘प्रकल्प’ या पर्यायालाही कोणताच डाग नाही. दोन शब्द एकाच बाजारात उभे होते, त्यांपैकी एक धुऊन निघाला आणि दुसरा डागाळला, याचे श्रेय किंवा दोष पुढील काळातील कायद्याच्या भाषेला आणि वृत्तपत्रांना द्यावा लागतो.

अमेरिकेत हे विशेष स्पष्टपणे घडले. तिथल्या १८७२ च्या टपाल कायद्यात टपालाचा वापर करून फसवणूक करणाऱ्याच्या कृत्याचे वर्णन करताना स्कीम हा शब्द ‘फसवणुकीची क्लृप्ती’ या अर्थाच्या शब्दाशी जोडून घातला गेला. ती जोडी पुढे १९३३ च्या रोखेविषयक कायद्यात आणि त्यानंतरच्या नियमांतही आली, आणि आरोपपत्रांतून व निकालपत्रांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. १९२० मध्ये बोस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झी याने पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के लाभाचे आमिष दाखवून लोकांचे पैसे घेतले. आंतरराष्ट्रीय टपाल-कुपनांच्या किमतीतील फरकावर हा नफा मिळतो, असे तो सांगे, प्रत्यक्षात मात्र जुन्यांना नव्यांच्या पैशातून देत असे. त्याचे नाव आणि स्कीम हा शब्द कायमचे एकत्र बांधले गेले. चांगल्या गोष्टींसाठी अमेरिकी इंग्रजीने मग ‘प्लॅन’ आणि ‘प्रोग्रॅम’ हे शब्द राखून ठेवले, तर ब्रिटनमध्ये निवृत्तिवेतनाची व्यवस्था आजही स्कीमच म्हणवते आणि स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक घरबांधणीच्या वसाहतीलाही लोक स्कीमच म्हणतात. भारताने इंग्रजी घेतली ती ब्रिटिश प्रशासनाकडून, त्यामुळे येथील सरकारी इंग्रजीत हा शब्द निर्दोष राहिला.

निर्दोष स्कीम कशी असते, याचे महाराष्ट्रातील उत्तम उदाहरण नगररचनेच्या कायद्यात आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमापासून चालत आलेली आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात टिकून राहिलेली एक व्यवस्था ‘नगररचना योजना’ या नावाने ओळखली जाते. तिचे इंग्रजी नाव स्कीम आहे, तर ‘विकास आराखडा’ या नावाच्या दस्तऐवजाचे इंग्रजी नाव प्लॅन आहे. आराखडा हा संपूर्ण शहराच्या जमिनीचा वापर ठरवतो, रस्ता कुठून जाईल आणि शाळेचे आरक्षण कुठे असेल ते सांगतो. योजना त्याहून लहान क्षेत्राची असते : त्या क्षेत्रातील सर्व मालकांचे वेडेवाकडे मूळ भूखंड एकत्र धरायचे, त्यातून रस्ते, उद्याने आणि सार्वजनिक जागा काढायच्या आणि उरलेली जमीन चौकोनी आकाराच्या अंतिम भूखंडांत प्रत्येकाला परत वाटायची. कोणाचा मूळ भूखंड किती होता, अंतिम किती मिळाला, त्याची किंमत योजनेपूर्वी काय होती आणि नंतर काय झाली, वाढीपैकी किती अंशदान द्यायचे, हे सर्व एका तक्त्यात मालकनिहाय लिहावे लागते, हरकती ऐकाव्या लागतात आणि वाद लवादापुढे जातात. या व्यवस्थेतही दोष आहेत. योजना वर्षानुवर्षे रखडतात आणि त्या काळात मालकाला नीट बांधताही येत नाही. परंतु ज्याची जमीन तिच्यात आहे, त्याच्यापासून तक्ता लपवलेला नसतो, आणि साउथ सी स्कीमपासून तिला वेगळे करणारी रेषा हीच आहे.

मराठीचा स्वतःचा शब्दसाठाही याच रेषेने विभागलेला दिसतो, फक्त ती रेषा इंग्रजीहून अधिक बारकाईने ओढलेली आहे. ‘योजना’ आणि ‘युक्ती’ हे दोन्ही ‘युज्’, म्हणजे जोडणे, या एकाच धातूपासून आलेले शब्द. पहिला शासनाच्या परिपत्रकात गेला आणि दुसरा घरगुती चातुर्यात राहिला. ‘मनसुबा’ हा अरबी-फार्सी मार्गाने आलेला शब्द बुद्धिबळाच्या पटावर मुद्दाम मांडलेल्या कूटस्थितीचे नाव होता. मराठीत तो बेत या अर्थाने रुजला, परंतु मनसुबे आज बहुधा शत्रूचे असतात आणि ते उधळले जातात. ‘खलबत’ म्हणजे मुळात एकांत. राज्यकारभाराची गुप्त चर्चा जिथे होई त्या दालनाला खलबतखाना म्हणत आणि त्यात काही गैर नव्हते, कारण भिंतीबाहेर ठेवायचा होता तो शत्रूचा हेर. आज वृत्तपत्रात पक्षनेत्यांची खलबते चालू असल्याची बातमी येते, तेव्हा भिंतीबाहेर मतदार असतो, आणि शब्दाचा रंग तिथेच पालटतो.

‘कारस्थान’ या शब्दाचा प्रवास तर स्कीमशी पायरीपायरीने ताडून पाहावा असा आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यानंतर राघोबादादांना दूर सारून नारायणरावांच्या वंशाचा हक्क राखण्यासाठी सखारामबापू बोकील, नाना फडणीस आणि इतर मुत्सद्दी एकत्र आले, आणि १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने त्यांनी राज्य चालवले. मराठी इतिहासात याला ‘बारभाईंचे कारस्थान’ असे नाव आहे आणि ते नाव निंदेने उच्चारले जात नाही. ती गुप्त जुळवाजुळव होती, पण ज्याच्या हक्कासाठी ती होती, त्याच्याच विरुद्ध ती नव्हती. आज मात्र हाच शब्द शेजाऱ्याविषयी वापरला, तर ते भांडणाचे कारण होईल. शब्द तोच असताना त्याची पत बदलली, कारण ज्या उदात्त संदर्भात तो वावरत होता तो संदर्भ नाहीसा झाला आणि घरातील व कचेरीतील लपवाछपवीच काय ती त्याच्या वाट्याला उरली.

भारतीय कायद्यात स्कीम या शब्दाची दोन्ही रूपे आता एकाच छताखाली राहतात. बक्षिसाच्या चिठ्ठ्या आणि पैसे फिरवण्याच्या स्कीमवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९७८ चा असून, त्यात झटपट पैसा मिळवून देणारी किंवा नवे सभासद आणण्यावर मोबदला देणारी व्यवस्था गुन्हा ठरवली आहे. भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाच्या, म्हणजे सेबीच्या, १९९२ च्या कायद्यात नंतर घातलेली दोन कलमे शेजारी ठेवून वाचावीत. ११एए या कलमात सामूहिक गुंतवणुकीची स्कीम ही नोंदणी करून चालवण्याची कायदेशीर गोष्ट आहे. १२ए या कलमात अमेरिकी कायद्यातली तीच जुनी जोडी आली असून, फसवणुकीची स्कीम वापरण्यास मनाई आहे. २०१९ च्या ठेवीविषयक कायद्याने तर शब्दाला विशेषणे लावूनच भेद केला : नियमनाखालील स्कीम चालते, नियमनाबाहेरील चालत नाही. म्हणजे शब्द एकटा उभा असेल, तर तो चांगला की वाईट हे कायद्यालाही सांगता येत नाही. त्यासाठी तिची नोंदणी, हिशेब आणि परताव्याचा उगम पाहावा लागतो.

यामुळे मराठी कोशकार, अनुवादक आणि वृत्तसंपादक यांना एक विनंती करावीशी वाटते. स्कीम या शब्दासमोर ‘योजना’ हा एकच पर्याय ठेवण्याची सवय सोडावी. जिथे घटकांची ठेवण अभिप्रेत आहे तिथे ‘रचना’ किंवा ‘संगती’ लिहावे. जिथे तक्ता, नियम आणि जबाबदार अधिकारी उघड आहेत तिथे ‘योजना’ लिहावे. आणि जिथे सहभागी माणसापासूनच पैशाचा उगम लपवला आहे तिथे पॉन्झीच्या नावापुढे योजना हा शब्द न जोडता ‘कारस्थान’, ‘बनाव’ किंवा सरळ ‘फसवणूक’ असे लिहावे. रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या मजुराच्या हक्काला जे नाव आहे, तेच नाव त्याची बचत बुडवणाऱ्याच्या धंद्याला मराठीने देऊ नये.